कर्ज खात्यात नावे, कॉलेजात बाकी: शैक्षणिक कर्जाच्या एका टप्प्याचा माग

परभणी जिल्ह्यातल्या एका बँक शाखेने शुक्रवारी, 8 ऑगस्ट 2025 रोजी, एका विद्यार्थिनीच्या शैक्षणिक कर्जाचा दुसऱ्या वर्षाचा टप्पा सोडला. कॉलेज पुण्यातलं, अभियांत्रिकीचं. फी भरायची शेवटची तारीख 14 ऑगस्ट होती, म्हणजे हाताशी जवळजवळ आठवडा होता. सोमवारी, 18 तारखेला मुलीने कॉलेजच्या पोर्टलवर पाहिलं तर बाकी तशीच, वर विलंब शुल्काची ओळ. शाखेत विचारलं तर उत्तर आलं, "पैसे गेलेत, खात्यात बघ." कॉलेजच्या लेखा विभागात विचारलं तर, "तुझ्या नावावर बँकेकडून काहीच आलेलं नाही."

दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, आणि मुलीचे वडील ओळखीचे असल्यामुळे हे कागद माझ्यापर्यंत आले. बँक आणि कॉलेज यांची नावं देत नाही, ओळख टाळण्यासाठी आकडेही थोडे हलवले आहेत. घडलं कसं आणि सापडलं कसं, ते मात्र तसंच ठेवलं आहे.

आधी हिशेब. वर्षाची शिक्षण फी 2,26,000 रुपये आणि वसतिगृहाची 76,000, एकूण 3,02,000. कर्ज 4 लाखांच्या वरचं असल्यामुळे देशातल्या शिक्षणासाठी 5 टक्के रक्कम घरची घालावी लागते, तिला बँकेत मार्जिन म्हणतात. ते मार्जिन एकदम न घेता दरवर्षीच्या टप्प्याबरोबर घेतात. त्यामुळे या वर्षी वडिलांनी 15,100 भरायचे आणि बँकेने 2,86,900. वडिलांनी त्यांचे पैसे 4 ऑगस्टलाच कॉलेजच्या पोर्टलवरून भरले, पावती काढली, आणि पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, कॉलेजचं फी मागणीपत्र व टप्पा सोडण्याचा अर्ज यांच्यासोबत शाखेत दिली. ही पावती पुढे फार कामाला आली.

शाखेने रक्कम दोन तुकड्यांत पाठवली, कारण गेल्या वर्षीही तशीच गेली होती: शिक्षण फीचे 2,14,700 संस्थेच्या फी खात्यात आणि वसतिगृहाचे 72,200 वसतिगृहाच्या वेगळ्या खात्यात. पहिली रक्कम 2 लाखांच्या वरची म्हणून आरटीजीएसने गेली. आरटीजीएसची किमान मर्यादाच 2 लाख आहे. दुसरी एनईएफटीने गेली. कर्ज खात्याच्या उताऱ्यात 8 तारखेला या दोन्ही रकमा नावे पडलेल्या, म्हणजे मुलीचं कर्ज म्हणून लागलेल्या दिसत होत्या. वडिलांनी त्या उताऱ्याचा फोटो मुलीला पाठवला, मुलीने तो कॉलेजला दाखवला, आणि तिथे गाडी अडली.

मंगळवारी वडील पुन्हा शाखेत गेले. "साहेब, कॉलेजवाले म्हणतात नंबर द्या, नंबराशिवाय शोधता येत नाही." काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने पडद्यावर पाहून एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. बुधवारी मुलीने तो लेखा विभागात नेला. तिथल्या मॅडमनी बँकेच्या उताऱ्यात शोधला, काही सापडलं नाही. "अगं, हा नंबर आमच्याकडे कुठेच नाही. पैसे आलेच नाहीत."

चिठ्ठी गुरुवारी संध्याकाळी माझ्यासमोर आली तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की तो यूटीआर नव्हताच. यूटीआर म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाणाऱ्या रकमेला मिळणारा, दोन्हीकडे ओळखला जाणारा क्रमांक. इंग्रजी अक्षर आणि पुढे सात-आठ आकडे, असा तो बँकेच्या स्वतःच्या संगणक प्रणालीतला व्यवहार क्रमांक होता. कर्ज खातं नावे करून रक्कम शाखेच्या एका अंतर्गत खात्यात जमा केली, त्या नोंदीचा. ती नोंद बँकेच्या चार भिंतींच्या आत घडते आणि तिचा नंबर बाहेर कुणालाच ओळखू येत नाही. कर्मचाऱ्याने मुद्दाम चुकीचा दिला असं नाही, त्याच्या पडद्यावर कर्ज खात्यासमोर तोच दिसतो. बाहेर जाणाऱ्या रकमेचा नंबर पाहायला वेगळ्या मेनूत जावं लागतं.

आरटीजीएसचा यूटीआर ओळखायला सोपा असतो. तो 22 अक्षरांचा असतो आणि त्याची रचना ठरलेली आहे. नमुन्यादाखल, काल्पनिक बँकेचा असा दिसेल:

```
ABCDR52025080800004417
```

पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची, मग आरटीजीएसचा आर, मग व्यवहार कोणत्या मार्गाने झाला त्याचा एक आकडा, पुढचे आठ आकडे तारखेचे आणि शेवटचे आठ क्रमाचे. म्हणजे नंबर हातात आल्याबरोबर त्यात 20250808 आहे का ते पाहायचं. बँकेच्या अंतर्गत नंबरात ही तारीख अशी बसलेली नसते. एनईएफटीचा नंबर बँकेबँकेप्रमाणे थोडा वेगळा दिसतो, पण सुरुवातीला बँकेची अक्षरं त्यातही बरेचदा असतात. इतकं जरी कुणी पाहिलं असतं तरी मुलीची बुधवारची खेप वाचली असती.

वडिलांना मी एक अर्ज लिहून दिला. त्यात तक्रारीचा सूर ठेवला नाही, फक्त चार गोष्टी मागितल्या: दोन्ही रकमांचे यूटीआर, ज्या खात्यांवर रकमा पाठवल्या त्यांचे पूर्ण क्रमांक आणि आयएफएससी, पाठवल्याची वेळ, आणि समोरच्या बँकेकडून आलेलं जमा झाल्याचं किंवा परत आल्याचं उत्तर. या चौथ्या गोष्टीबद्दल शाखेत बरेचदा 'आमच्याकडे ते दिसत नाही' असं ऐकायला मिळतं. दिसतं. एनईएफटीमध्ये पैसे घेणारी, म्हणजे लाभार्थी बँक, खात्यात रक्कम जमा केल्यावर पाठवणाऱ्या बँकेला तसा संदेश देते आणि आरटीजीएसमध्येही ही सोय आहे. शाखेला पाहता येत नसेल तर बँकेच्या पेमेंट विभागाला विचारावं लागतं, पण उत्तर बँकेच्या आत असतं.

शुक्रवारी दुपारी शाखेने आरटीजीएसचा यूटीआर आणि खाते क्रमांक लिहून दिला. एनईएफटीबद्दल 'सोमवारी सांगतो' असं उत्तर आलं. शनिवार चौथा, मग रविवार, त्यामुळे दोन दिवस तसेच गेले. पण खाते क्रमांक हातात आला होता, आणि रविवारी घरी बसून पावत्या लावताना पहिला धागा सापडला. वडिलांनी 4 ऑगस्टला भरलेल्या 15,100 रुपयांच्या पावतीवर जो खाते क्रमांक होता, त्याचे शेवटचे आकडे मुलीच्या नोंदणी क्रमांकाचे होते. बँकेने ज्या खात्यावर 2,14,700 पाठवले त्याचे शेवटचे आकडे वेगळेच होते. ते खातं गेल्या वर्षीच्या पावतीवर सापडलं.

कॉलेजने या शैक्षणिक वर्षापासून फी घेण्याची पद्धत बदलली होती. पूर्वी सगळ्या मुलांची फी एका चालू खात्यात यायची आणि लेखा विभाग उतारा पाहून ज्याची त्याची नोंद करायचा. आता प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा आभासी खाते क्रमांक मिळाला. हे खरं खातं नसतं. पैसे संस्थेच्या एकाच खात्यात जातात, पण नंबराच्या पहिल्या भागात संस्थेची आणि शेवटच्या भागात विद्यार्थ्याची ओळख असल्यामुळे रक्कम आली की ती कुणाची हे संगणकाला आपोआप कळतं आणि पोर्टलवर नोंद पडते. म्हणूनच वडिलांचे 15,100 त्याच दिवशी पोर्टलवर दिसले होते. फी मागणीपत्रावरही नवा नंबर छापलेला होता, शाखेच्या फाइलमध्ये ते पत्र होतं, पावती होती. तरी पैसे जुन्या खात्यावर गेले, कारण टप्पा सोडताना गेल्या वर्षी जतन केलेला लाभार्थी तसाच निवडला गेला.

इथे कुणी म्हणेल की आता तर नाव तपासायची सोय आली आहे. बरोबर, रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2024 मध्ये बँकांना सांगितलं की आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खाते क्रमांक टाकल्यावर खातेदाराचं नाव पाहता यावं, आणि त्यासाठी 1 एप्रिल 2025 ही मुदत दिली. पण या प्रकरणात ती सोय शिक्षण फीच्या रकमेला वाचवू शकली नसती. जुनं खातंही त्याच शिक्षण संस्थेचं, नवं खातंही तिचंच, त्यामुळे नाव तंतोतंत जुळलं असतं. नाव जुळणं हे रक्कम परक्याकडे जाऊ नये म्हणून असतं. योग्य संस्थेच्या चुकीच्या कप्प्यात ती जाऊ नये यासाठी मागणीपत्रावरचा नंबर आकडा-आकडा ताडून पाहण्याखेरीज उपाय नाही.

सोमवारी, 25 तारखेला मुलगी लेखा विभागात गेली ती या वेळी वेगळा प्रश्न घेऊन. "माझी फी आली का" असं न विचारता तिने विचारलं, "मॅडम, आपलं जुनं फी खातं अजून चालू आहे का? 8 ऑगस्टच्या उताऱ्यात हा यूटीआर बघाल का?" मॅडमनी उतारा काढला. रक्कम त्यात होती, 8 ऑगस्टच्या दुपारीच जमा झालेली. आरटीजीएसमध्ये लाभार्थी बँकेला साधारण अर्ध्या तासात रक्कम जमा करावी लागते, तसंच झालं होतं. सतरा दिवस ती संस्थेच्याच खात्यात पडून होती.

मग 'आलेच नाहीत' असं का सांगितलं गेलं? दोन कारणं होती आणि दोन्ही लेखा विभागात काम केलेल्याला ओळखीची वाटतील. एक म्हणजे मॅडम नव्या प्रणालीत विद्यार्थिनीच्या नोंदणी क्रमांकावर शोधत होत्या, आणि जुनं खातं त्या प्रणालीला जोडलेलंच नव्हतं. काही जुने धनादेश आणि परतावे अजून त्यात येतात म्हणून ते बंद केलेलं नव्हतं एवढंच. त्याचा ताळमेळ महिन्यातून एकदा, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला लागायचा. म्हणजे कुणी विचारलं नसतं तर ही नोंद सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'अज्ञात जमा' म्हणून वर आली असती, आणि ती कुणाची हे शोधायला आणखी दिवस गेले असते.

दुसरं कारण थोडं खोलातलं आहे. उताऱ्यातल्या त्या ओळीवर मुलीचं नाव नव्हतं. शाखेने रक्कम थेट कर्ज खात्यातून न पाठवता आधी आपल्या अंतर्गत वितरण खात्यात घेतली आणि तिथून बाहेर पाठवली. त्यामुळे पाठवणारा म्हणून बँकेच्या त्या खात्याचं नाव गेलं. शाखेने शेऱ्यात मुलीचं नाव आणि नोंदणी क्रमांक टाकला होता, पण शेऱ्याची जागा लहान असते आणि समोरच्या बँकेच्या उताऱ्यात त्यातला किती भाग छापला जाईल याचा भरवसा नसतो. इथे 'शैक्षणिक कर्ज' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द तेवढे उतरले होते, पुढचं कापलं गेलं होतं. ऑगस्टमध्ये अशा किती ओळी एखाद्या मोठ्या कॉलेजच्या उताऱ्यात असतील, त्यांतून नावावर शोधणं व्यर्थच. यूटीआर हा एकमेव धागा दोन्ही बँकांच्या आणि कॉलेजच्या कागदांत सारखा असतो.

म्हणजे शिक्षण फीचा प्रश्न कॉलेजच्या बाजूला सुटणारा होता. बँकेने काही परत मागवायची गरज नव्हती. शाखेतून एक सूचना आली होती खरी, की रक्कम परत मागवू आणि नव्या नंबरावर पुन्हा पाठवू. ती मानली नाही हे बरं झालं. जमा झालेली आरटीजीएसची रक्कम पाठवणाऱ्या बँकेला आपल्या हाताने ओढून घेता येत नाही, खातेदाराच्या संमतीने ती परत यावी लागते, आणि त्या ये-जा करण्यात मुलीच्या फीची तारीख 8 ऑगस्ट ऐवजी महिनाअखेर झाली असती. त्याऐवजी कॉलेजने आपल्या हिशेबात जुन्या खात्यातली रक्कम मुलीच्या नावे वळवणारी नोंद केली आणि पावती दिली. पावतीवर रक्कम मिळाल्याची तारीख 8 ऑगस्टच हवी, असा आग्रह मुलीने धरला. मॅडमनी आधी 25 ऑगस्ट घातली होती, कारण नोंद त्या दिवशी झाली. पण पैसे मुदतीच्या आत संस्थेकडे होते, आणि विलंब शुल्क लागतं की नाही हे त्या तारखेवर ठरतं. उतारा समोर असल्यामुळे वाद वाढला नाही, पावती बदलून मिळाली आणि शिक्षण फीवरचं विलंब शुल्क निघालं.

आता राहिले वसतिगृहाचे 72,200. इथे सगळ्यांचाच समज असा झाला की पहिली रक्कम जुन्या खात्यात सापडली म्हणजे दुसरीही तशीच जुन्या वसतिगृह खात्यात असणार. मॅडमनी सांगितलं, "ते खातं आम्ही जूनमध्ये बंद केलं." बंद खात्यात पैसे पडून राहत नाहीत. मग ते होते कुठे?

ते शाखेतच होते. एनईएफटीची रक्कम अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत जाते. डिसेंबर 2019 पासून ही सेवा रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालते. लाभार्थी बँकेला त्या तुकडीचा व्यवहार पूर्ण झाल्यापासून दोन तासांत रक्कम जमा करावी लागते किंवा जमा होत नसेल तर परत पाठवावी लागते. इथे लाभार्थी बँकेने आपलं काम वेळेत केलं. 'खातं बंद' असं कारण देऊन 72,200 रुपये 8 तारखेच्या शुक्रवारीच संध्याकाळी परत आले. पण परत येणारी रक्कम जिथून निघाली तिथेच येते, आणि ती निघाली होती शाखेच्या वितरण खात्यातून, कर्ज खात्यातून नव्हे. त्यामुळे संगणकाने ती त्या वितरण खात्यात जमा केली आणि कर्ज खात्याला पत्ताच लागला नाही. तिथे 8 तारखेची नावे नोंद जशीच्या तशी राहिली.

त्या संध्याकाळी शाखेतलं दिवसाचं काम आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, राखीपौर्णिमाही, मग रविवार. सोमवारी नव्या आठवड्याची कामं सुरू झाली. वितरण खातं रोज शून्यावर यायला हवं असा नियम बँकांत असतो आणि त्यातल्या शिल्लक नोंदींची यादी अधिकाऱ्याने पाहायची असते. ती पाहिली गेली नाही. मला विचाराल तर या प्रकरणातली खरी हलगर्जी हीच. जुना लाभार्थी निवडणं ही घाईतली चूक म्हणता येईल, पण परत आलेली रक्कम दोन आठवड्यांहून जास्त दिवस शिल्लक राहते आणि कुणी विचारत नाही, याला घाई कारण पुरत नाही.

आणि विद्यार्थ्याला हे बाहेरून कसं कळावं? कर्ज खात्याच्या उताऱ्यावरून कळत नाही, हेच तर अवघड आहे. मुलीच्या उताऱ्यात पोचलेली रक्कम आणि परत आलेली रक्कम अगदी सारख्या दिसत होत्या: एकाच तारखेच्या, दोन्ही नावे. फरक फक्त यूटीआरच्या स्थितीत होता. 25 तारखेला अधिकाऱ्यांनी एनईएफटीचा नंबर टाकून पाहिला तेव्हा समोर 'परत' असा शेरा आला. 22 तारखेच्या शुक्रवारीच तो पाहिला असता तर तेव्हाच कळलं असतं. एनईएफटीचा यूटीआर द्यायला वेळ का लागतोय, हा प्रश्न आम्ही तेव्हा लावून धरायला हवा होता असं म्हणता येईल, पण आधी एक धागा सुटू द्यावा असं वाटलं होतं.

मंगळवारी, 26 तारखेला, म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशी, शाखेने 72,200 मुलीच्या आभासी खाते क्रमांकावर पुन्हा पाठवले. या वेळी अधिकाऱ्यांनी नाव तपासून पाहिलं, आणि मागणीपत्र समोर ठेवून नंबर वाचून घेतला. तासाभरात पोर्टलवर बाकी शून्य झाली. मुलीने आईला फोन केला, वडिलांना नंतर कळलं.

मध्ये एक गोष्ट घडता घडता राहिली, ती सांगायला हवी. 20 तारखेला कॉलेजात कुणीतरी मुलीला सुचवलं होतं, की सध्या घरून भरून टाका, कर्जाचे आले की परत देऊ. वडील पतसंस्थेत सोनं ठेवून पैसे उचलायच्या तयारीत होते. अशा सल्ल्यामागे वाईट हेतू नसतो, पण त्यातून गुंता वाढतो. फी दोनदा जमा झाली तर जादा रक्कम कुणाची? शिक्षण फीचे पैसे बँकेच्या कर्जातून आले असल्यामुळे कॉलेज ती बहुधा बँकेकडेच, कर्ज खात्यात परत करतं, वडिलांच्या हातात देत नाही. मग वडिलांना घरून भरलेली रक्कम कर्जातून परत मिळवायची तर वेगळा अर्ज, मूळ पावत्या, आणि बँक मान्य करेल की नाही हा प्रश्न. तोवर पतसंस्थेचं व्याज सुरूच. कर्ज खात्यात टप्पा नावे पडलेला असताना दुसरीकडून पैसे उभे करण्याआधी तो कुठे आहे हे कळेपर्यंत थांबणं, आणि तोवर कॉलेजकडून लेखी मुदत मागणं, हे जास्त शहाणपणाचं. मुलीने यूटीआरची प्रत जोडून प्राचार्यांना तसा अर्ज दिला. त्यावर काही लेखी उत्तर आलं नाही, पण परीक्षेचा अर्ज अडवला गेला नाही.

शेवटी व्याजाचा हिशेब. शैक्षणिक कर्जावर शिक्षणाच्या काळात सरळ व्याज लागतं, आणि ते रक्कम नावे पडल्याच्या दिवसापासून मोजतात. शिक्षण फीचे 2,14,700 खरोखर 8 तारखेला बँकेबाहेर गेले होते, संस्थेकडे पोचले होते, त्यांचं व्याज त्याच दिवसापासून लागणं योग्य. वसतिगृहाच्या रकमेचं मात्र तसं नाही. ती 8 ते 26 ऑगस्ट बँकेच्याच खात्यात होती आणि मुलीच्या कर्जावर तिचं व्याज चालू होतं. दर 10 टक्के धरला तर 72,200 वर दिवसाला 19 रुपये 78 पैसे, 18 दिवसांचे 356 रुपये. रक्कम लहान, वडील म्हणाले, "जाऊ द्या साहेब, काम झालं ना." पण मी अर्ज करायला लावला. बँकेला यासाठी काही नवं शोधायचं नसतं: परत आलेली रक्कम 8 ऑगस्टच्या मूल्य दिनांकाने, म्हणजे त्याच दिवशी जमा झाली असं धरून, कर्ज खात्यात जमा दाखवायची आणि 26 ऑगस्टला नवी नावे नोंद करायची. म्हणजे मधल्या दिवसांचं व्याज आपोआप जातं. शाखेने आधी 26 तारखेच्याच दोन उलट-सुलट नोंदी केल्या होत्या, त्यातून व्याज सुटलं नसतं. दुसऱ्या अर्जानंतर मूल्य दिनांक बदलला.

एनईएफटी परत यायला उशीर झाला तर लाभार्थी बँकेने रेपो दरावर 2 टक्के जादा दराने व्याज द्यायचं असा नियम आहे. तो इथे लागू नव्हता, कारण परत पाठवणाऱ्या बँकेने वेळ पाळली होती. वडिलांना कुणीतरी तो नियम दाखवला होता आणि ते दुसऱ्या बँकेवर तक्रार करायला निघाले होते. दोष कर्ज देणाऱ्या शाखेच्या आतला होता, त्यामुळे तक्रारीची वाटही तीच: आधी शाखा, मग बँकेचा तक्रार निवारण विभाग, आणि 30 दिवसांत उत्तर नाही किंवा ते पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in वर. तिथे बँकेसारख्या, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या संस्थांविरुद्धच जाता येतं. कॉलेजने जुन्या खात्यातली रक्कम शोधायला नकार दिला असता तर ती वाट चालली नसती, विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या तक्रार समितीकडे जावं लागलं असतं. इथे त्यातलं काहीच लागलं नाही.

वसतिगृहाच्या फीवरचं 500 रुपये विलंब शुल्क मात्र कॉलेजने सोडलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: 26 तारखेपर्यंत आमच्याकडे ती रक्कम आली नव्हती, खातं बंद असल्याचं नवं मागणीपत्र आम्ही जूनमध्येच दिलं होतं. ते नाकारण्यासारखं नाही. शाखेने ते 500 भरून द्यावेत असं पत्र वडिलांनी दिलं आहे. शाखाधिकाऱ्यांनी ते क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवलं.

कॉलेजने या प्रकारानंतर एक काम चांगलं केलं. ज्या बँकांकडून मुलांची कर्जं येतात त्या शाखांना लेटरहेडवर पत्र पाठवलं, सोबत जुन्या खात्यांचे क्रमांक आणि 'यांवर रक्कम पाठवू नये' असं ठळक अक्षरात. आणि जुन्या फी खात्याचा ताळमेळ आता आठवड्याला लावतात. पहिल्याच आठवड्यात त्यात आणखी काही कर्जाच्या रकमा निघाल्या, वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या शाखांकडून आलेल्या. त्यांतल्या मुलांना त्या दिवसापर्यंत कॉलेजात बाकीदार म्हणून नोटिसा गेल्या होत्या.